उजव्या कानाशी

त्या घरात बोलायची एक पद्धत पडली होती, आणि ती इतकी मुरली होती की कुणालाच तिचं काही वाटेनासं झालं होतं. बाबांच्या समोर बसायचं, चेहरा हसरा ठेवायचा आणि मनात असेल ते बोलून टाकायचं. वाटेल ते. शिव्यासुद्धा चालायच्या, फक्त तोंड गोड दिसलं पाहिजे. बाबांना ऐकू येत नव्हतं, पण नजर अजून लख्ख होती. तीस वर्षं छापखान्यात फोरमन म्हणून काढलेल्या माणसाला समोरच्याच्या कपाळावरची आठी दारातूनच दिसायची.

छापखान्यातल्या यंत्रांनीच त्यांचे कान खाल्ले होते. डावा पार गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती. अगदी जवळ जाऊन, जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोललं तर कळायचं. हे जमायचं एकटीला, मधलीला. तीन भावंडांतली ती मधली म्हणून सगळे तिला मधलीच म्हणायचे, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही ती मधलीच होती, सगळ्यांच्या मध्ये. आई गेल्याला दोन वर्षं झाली होती. बाबांजवळ तीच राहायची.

रविवारी अकराला तिचा मोठा भाऊ, दादा, यायचा. यायचा म्हणजे हजेरी लावायला. खुर्चीत बसायचा, पाय हलवत राहायचा आणि दाढीमिशांच्या जंगलातून तोंडातल्या तोंडात म्हणायचा, ‘‘सांग यांना, असा बाप वैऱ्यालाही मिळू नये.’’ आणि हसायचा.

मधली बाबांच्या उजव्या कानाशी वाकायची. ‘‘दादा म्हणतोय, तुम्ही वाळलात.’’

‘‘वय झालं की वाळणारच,’’ बाबा म्हणायचे. ‘‘तू जेवत जा वेळेवर. डोळे ओढलेत तुझे.’’

उत्तर खरं, प्रश्न बनावट. दर रविवारी तासभर हे चालायचं. मग दादा उठून जायचा, बाबा म्हणायचे, ‘‘आला बरं वाटलं,’’ आणि मधली न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहायची. रडायला नाही हो. रडायला वेळ कुणाला होता? नुसती उभी राहायची, जबडा सैल पडेपर्यंत.

लोकांना वाटतं, घरात शांतता ठेवणं म्हणजे स्वभाव. ‘तिचा स्वभावच गोड आहे हो.’ कसला स्वभाव! ती कारागिरी होती, आणि मधली तिच्यात तरबेज होती. तयार कपड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत ती कपडे मापाचे करून द्यायची. कुणाची बाजू आत घे, कुणाची सोड, विरलेली कॉलर उसवून उलटी करून शीव. घरातही तेच. दादाचा फोन आला की पहिली दहा मिनिटं ती फक्त ‘हं’ म्हणायची. मध्ये बोलायचं नाही, समजूत काढायची नाही, बाजू तर मुळीच घ्यायची नाही. माणूस बोलून बोलून एकदा स्वतःच थांबतो, श्वास घेतो. तिथे शिरायचं. आणि तिथेही एकदम गोड बोललं तर माणूस बिचकतो, म्हणून निरोपात थोडं आंबट ठेवायचं. ‘‘बाबा म्हणत होते, तो हट्टी आहे, माझ्यावरच गेलाय, पण घरात खिळा ठोकायचा असला तरी मला त्याचीच आठवण येते.’’ ‘हट्टी’ हा शब्द आला की पुढचं सगळं खरं वाटतं. खिळ्यासारखी एखादी बारीक गोष्ट तर हवीच. नुसतं ‘आठवण येते’ कुणी धरत नाही.

बाबा खरं काय म्हणाले होते? बाबा म्हणाले होते, ‘‘त्याचं नाव काढू नकोस.’’

धाकटी बहीण शाळेत शिकवायची. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. तिची तक्रार वेगळी: बाबा माझी विचारपूस करत नाहीत. मधली मग विचारपूस तयार करायची आणि फोनवर पोचवायची. आणि प्रत्येकाचं ऐकलेलं जायचं कुठे? ते राहायचं तिच्यातच. पहाटे छातीत जळजळायचं. दात इतके आवळलेले असायचे की दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, झोपेत काय चावता? दुकानात कपडे घालून बघायच्या ज्या पडद्याच्या खोल्या असतात, त्यातल्या शेवटच्या खोलीत ती रोज जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं पडदा ओढून आरशाकडे पाठ करून बसायची. तिथे कुणाला चेहरा दाखवायचा नसायचा. मालकीणबाईंना वाटायचं, ही डबा खाते.

तिला स्वतःला काय वाटतं, हे तिला कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिनंही विचारणं सोडून दिलं होतं.

आता दादाचं आणि बाबांचं काय बिनसलं होतं ते सांगायला हवं. दादा त्याच छापखान्यात बाबांच्या हाताखाली लागला होता, कागद कापायच्या यंत्रावर. एके दिवशी घाईत त्यानं पात्याच्या पुढची सुरक्षेची जाळी काढून ठेवली, आणि जोडीदाराची तीन बोटं गेली. चौकशी झाली. जाळी कुणी काढली, या प्रश्नाखाली बाबांनी मुलाचं नाव लिहून सही केली. दादाची नोकरी गेली, वर्षभर कुणी दारात उभं केलं नाही. या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. दादाचं स्वतःचं फर्निचरचं दुकान झालं, लग्न झालं, मुलं मोठी झाली, पण सही काही त्याच्या डोळ्यांपुढून हलली नाही. बाप असून सही केली. आणि बाबांचं म्हणणं, हा एकदाही त्या माणसाला भेटायला गेला नाही. हे दोघांनी एकमेकांना कधी तोंडावर सांगितलं नाही. आधी अबोला होता, मग बाबांचे कान गेले, आणि मध्ये मधली होती.

तिनं केलेली खरी चूक मात्र वेगळीच. चार वर्षांपूर्वी ती बाबांना कान तपासायला घेऊन गेली होती. तिथल्या बाईंनी आलेख काढला, समजावून सांगितलं: दोन्ही कानांना यंत्र लावा, आत्ताच लावा. आवाज पोचला नाही की मेंदू शब्द ओळखायचं विसरत जातो, मग नंतर यंत्र लावून आवाज येतो पण शब्द लागत नाहीत. मधलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. बाहेरच्या बाकावर बाबा टोपी हातात धरून तिची वाट बघत बसले होते. आदल्याच रविवारी दादा हसत हसत त्यांच्यासमोर म्हणाला होता, ‘‘हा मेला की मी त्या दिवशी दुकान उघडं ठेवीन.’’ तिला ते आठवलं. हे बाबांनी ऐकायचं? दर रविवारी?

ती बाबांच्या कानाशी वाकली. ‘‘त्या म्हणतात, तुमच्या कानांना यंत्राचा उपयोग नाही. नुसती शिट्टी वाजत राहते.’’

बाबांनी मान हलवली. ‘‘बरं. तू आहेस ना.’’

दादाला आणि धाकटीला तिनं सांगितलं, बाबांनाच नकोय. दोघांनी सुटकेचा श्वास सोडला असावा, कारण परत कुणी विषय काढला नाही.

आणि मग एका बुधवारी धाकटीला सुट्टी होती. मधली दुकानात एका पँटच्या पायाची दुमड उसवत होती, तेव्हा फोन आला. ‘‘ताई, तुला एक गंमत आहे. घरी आलीस की कळेल.’’ हिच्या गमती म्हणजे पडदे नाहीतर कुंडी, असं समजून मधली संध्याकाळी घरी आली. जिन्यात नेहमीसारखी चप्पल घासली, कुलपात किल्ली घातली, आणि आतून बाबांचा आवाज आला, ‘‘आली बघ.’’

बाबांना किल्ली ऐकू आली होती.

दोन्ही कानांमागे मातकट रंगाची छोटी यंत्रं, आत गेलेली बारीक नळी. बाबांचा चेहरा गोंधळलेला होता. सगळंच मोठं ऐकू येतंय म्हणाले. स्वतःचं चावणं, वर्तमानपत्राचं पान, नळाचं पाणी. ‘‘पाणी एवढा आवाज करतं, विसरलोच होतो.’’ बोललेलं मात्र अर्धं कळत होतं. डावीकडून नुसताच आवाज येतो, शब्द लागत नाहीत.

‘‘कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, डाव्या कानाला फार उशीर झाला,’’ धाकटी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. ‘‘आणि ताई, त्यांच्याकडे जुना कागद निघाला. चार वर्षांपूर्वीचा. त्यावर तर लिहिलं होतं, दोन्ही कानांना यंत्र लगेच लावावं. तू म्हणाली होतीस बाबांनाच नको होतं.’’

मधलीनं विचार केला नाही. विचार करायची वेळच कधी यायची नाही, हात आपोआप चालायचा. ‘‘अगं, तेव्हा त्यांची मनाची तयारी नव्हती,’’ ती हलक्या आवाजात म्हणाली, नेहमी बाबांच्या समोर बोलायची तशीच. ‘‘मी खूप समजावलं. म्हणाले, आता या वयात नको. मग मीच म्हटलं, उगाच मागे कशाला लागा.’’

आणि मग तिला कळलं, की बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेत आणि तिच्या तोंडाकडे बघतायत. उजवा कान तिच्या बाजूला होता.

त्यांनी पेल्यातलं पाणी संपवलं, पेला खाली ठेवला. ठेवताना आवाज झाला तसे दचकले, आणि परत हळूच ठेवून बघितला.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बाबांनी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती काहीतरी बोलली असती. न विचारणाऱ्या माणसापुढे तिची कारागिरी चालत नव्हती. ते घरभर फिरून आवाज ऐकत होते. दाराची कडी लावून बघायचे, काढून बघायचे. ती फोनवर बोलायला लागली की चालता चालता थांबायचे. ती बाल्कनीत जाऊन बोलू लागली. स्वतःच्या घरात चोरासारखी! दुकानात गेली, एका बाईंची बाजू दोनदा एकाच अंगाला आत घेतली, मालकीणबाईंनी झापलं. पडद्याच्या खोलीत बसून तिनं ठरवलं, आज काहीही करून दादाला सांगायचं. धाकटीनं त्याच्यासाठीही गंमत रविवारपर्यंत राखून ठेवली होती. बाबांना ऐकू येतंय, रविवारी तोंड सांभाळ. एवढं एक वाक्य. ते वेळेवर पोचलं तर घर वाचेल.

शनिवारी दुपारी तिनं फोन लावला. ‘‘दादा, ऐक ना –’’

‘‘आधी माझं ऐक,’’ दादा म्हणाला, आणि सुरू झाला. मुलानं परीक्षेचा अर्जच भरला नव्हता. बापाला सांगितलंसुद्धा नाही. बायको मुलाचीच बाजू घेते. या घरात मला कोण विचारतं, मी काय मशीन आहे का? मधली ‘हं’ म्हणाली. दहा मिनिटं गेली. त्यानं श्वास घेतला, तिथे तिनं शिरायचं, तर शिरली आणि तिच्या तोंडून निघालं, ‘‘तो घाबरला असेल रे तुला सांगायला. तुझ्यावर जीव आहे त्याचा.’’ दादाचा आवाज एकदम ओला झाला. ‘‘खरं म्हणतेस?’’ मग अजून पंधरा मिनिटं ती ‘हं’ म्हणत राहिली. शेवटी दादा म्हणाला, ‘‘तुझ्याशी बोललं ना, की हलकं वाटतं,’’ आणि त्यानं फोन ठेवला.

ती फोन हातात घेऊन बसून राहिली. सांगायचं ते राहूनच गेलं होतं. तिनं परत लावला, तर तो गिऱ्हाइकाशी बोलत होता. ‘नंतर करतो’ म्हणाला आणि केला नाही. जाऊ दे, उद्या जिन्यातच गाठू, असं तिनं ठरवलं. वीस वर्षांत तिला स्वतःचं एक वाक्य मध्ये घुसवायची सवय लागली नव्हती, ती एका दुपारीत कुठून लागणार?

रविवारी दादा पावणेअकरालाच आला. ती स्वयंपाकघरात चहा गाळत होती. बाहेर आली तेव्हा तो खुर्चीत बसून पाय हलवत होता, आणि समोर बाबा, डोक्यावर टोपी, टोपीच्या कडेनं कान झाकलेले. धाकटी अजून यायची होती.

‘‘दादा, जरा आत ये, दिवा बघ –’’ ती म्हणाली.

‘‘बघतो गं. बस आधी.’’ दादा गोड हसला. रात्री मुलाशी कडाक्याचं भांडण झालेलं दिसत होतं, डोळे तांबारले होते. हसतच तो बाबांकडे बघून म्हणाला, ‘‘बसलाय बघ पुतळा. विचार त्याला, ज्या हातानं पोराचं नाव लिहिलं, तो हात उशाला घेऊन रात्री झोप लागते का?’’

आता काय सांगू! बाबांना यंत्र आहे, हे तिला माहीत होतं. त्यांनी ऐकलं, हेही दिसत होतं. तरी ती वाकली. इतक्या वर्षांची सवय, कंबर आपोआप वाकली, तोंड उजव्या कानाशी गेलं आणि जाड, सुट्या शब्दांत तिनं सांगितलं, ‘‘दादा विचारतोय, तुम्हाला झोप नीट लागते का.’’

बाबांनी एवढ्या जवळच्या आवाजानं डोळे मिटून घेतले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. दादाचं हसू अर्ध्यावर राहिलं. यंत्रं दोन्ही कानांमागे दिसत होती.

बाबा दादाकडे बघतच नव्हते. ते मधलीकडे बघत होते. मग दादाकडे वळून म्हणाले, ‘‘नाही लागत.’’

दादाचा हलणारा पाय थांबला.

‘‘एकोणीस वर्षं झाली, नीट लागत नाही,’’ बाबा म्हणाले. ‘‘तू कधी विचारशील म्हणून थांबलो होतो.’’

‘‘मी?’’ दादाचा आवाज चढला. ‘‘मी विचारलं होतं. आई होती तेव्हा. इथेच, याच खुर्चीत. हसत नव्हतो तेव्हा, हात जोडून विचारलं होतं, का सही केलीत. तुम्ही काय म्हणालात? ‘आता बरं आहे.’ पोरगा पाया पडून विचारतोय आणि बाप म्हणतो, आता बरं आहे! त्या दिवसापासून मी ठरवलं, या माणसाशी हसूनच बोलायचं.’’

बाबा आठवत होते. कपाळाला आठ्या पडल्या. ‘‘मला कुणी सहीचं विचारलं नाही,’’ ते हळू म्हणाले. ‘‘मला विचारलं होतं, खोकला कसा आहे.’’

दोघंही तिच्याकडे बघू लागले. एकोणीस वर्षांत त्या दोघांनी एका वेळी एकीकडे बघितलेलं ते पहिल्यांदाच.

‘‘तू रडत होतास,’’ मधली दादाला म्हणाली. ‘‘आणि बाबांना त्या आठवड्यात ताप होता, डोळे मिटून पडले होते. मला वाटलं, आज नको. पुढच्या रविवारी सांगू. मग तू परत विचारलंच नाहीस.’’

‘‘तुला वाटलं,’’ दादा म्हणाला.

‘‘मी सगळ्यांचं भलंच –’’

‘‘गप्प बस, मधले.’’ तो ओरडला नाही, ते जास्त लागलं. तो बाबांकडे वळला. ‘‘आता सांगा.’’

बाबांनी सांगितलं. यंत्र असूनही अर्धे शब्द निसटत होते, त्यामुळे मध्ये मध्ये ‘काय?’ म्हणत होते, पण सांगितलं. जाळी कुणी काढली हे लिहिलं नसतं, तर दोष बोटं गेलेल्या माणसावरच ढकलला गेला असता. त्याच्या घरात तीन लहान पोरं. ‘‘तुझे हात शाबूत होते. तू दुसरीकडे कमावलं असतंस. त्यानं काय केलं असतं? सही करून घरी आलो आणि तुझ्या आईपुढे बसून रडलो. तू दार लावून बसला होतास. मी दार वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं. ती माझी चूक.’’

दादा खुर्चीच्या कडेवर बसला होता. चहावर साय धरली होती. शेवटी तो म्हणाला, ‘‘मी गेलो होतो त्याच्याकडे. दोनदा. त्यानं घरात घेतलं नाही.’’

‘‘मला कुठे माहीत?’’

‘‘हिला सांगितलं होतं.’’

खरं होतं. सांगितलं होतं. दारातून हाकलला गेला हे ऐकून बाबांना वाईट वाटेल म्हणून तिनं ते पोचवलंच नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी बाबा एकोणीस वर्षं मुलावर रुसून होते, ती गोष्ट तिच्याकडे पडून होती, आणि तिला ती तापाच्या, खोकल्याच्या खाली दडपलेली आठवतही नव्हती. तिला त्या क्षणी फार दुखलं, छातीत नव्हे, सगळीकडेच. आणि सवयीनं तिनं बघितलं, कुणाला पाणी हवंय का.

कुणालाच तिच्याकडून पाणी नको होतं. दादा उठला, पहिल्यांदाच त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दाराशी जाऊन चपला घालता घालता म्हणाला, ‘‘पुढच्या रविवारी मी येतो. तू मध्ये बसू नकोस. नसलीस तरी चालेल.’’

धाकटी आली तेव्हा तिला जिन्यातच दादाकडून सगळं कळलं होतं. ती मधलीशी बोलली नाही. बाबांच्या समोर बसून विचारत राहिली, तुम्ही हे म्हणाला होतात का? ते म्हणाला होतात का? माझ्या वाढदिवसाला? मी आजारी होते तेव्हा? बाबा प्रत्येक वेळी ‘काय?’ म्हणत होते, नीट ऐकत होते, आणि खरं सांगत होते. नाही. नाही. तेही नाही. धाकटी तिथेच गुडघ्यांत तोंड घालून रडली, आणि बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता तो हात खरा होता. मधली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. सगळ्यांनी एकमेकांशी बोलावं, यासाठीच ती जन्मभर झिजली होती ना? ते तिच्या डोळ्यांपुढे होत होतं, आणि त्यात तिला जागा नव्हती.

सोमवारी सकाळी ती दुकानात जायला निघाली, तेव्हा बाबांनी हाक मारली. उजव्या बाजूची खुर्ची त्यांनी ओढून ठेवली होती.

‘‘बस. एक विचारायचंय.’’

ती बसली. वाकली नाही, वाकायची गरज उरली नव्हती. हातांचं काय करावं ते तिला कळेना.

‘‘तुझी आई दवाखान्यात होती,’’ बाबा म्हणाले. ‘‘शेवटच्या दिवशी. तिला आवाज नव्हता, मला कान नव्हते. ती माझ्याकडे बघून तुझ्याशी काहीतरी बोलली, आणि तू मला सांगितलंस.’’

‘‘हो.’’

‘‘काय सांगितलं होतंस?’’

‘‘आई म्हणाली, यांना सांग, परत लग्न करायचं झालं तर यांच्याशीच करीन. पण ते शाईच्या वासाचे कपडे दाराबाहेर काढून आत या म्हणावं.’’

दोन वर्षं बाबा या वाक्यावर जगत होते. ते तिला माहीत होतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, कपड्यांचं सांगताना हसायचे. आत्ता ते हसले नाहीत. मान उजवीकडे कलती करून ऐकत होते, नाणं वाजवून बघावं तसे.

‘‘हे तिचं आहे की तुझं?’’

‘‘आईचं. बाबा, देवाशपथ. मी एक अक्षर बदललं नाही.’’

‘‘का नाही बदललंस?’’

‘‘बदलायची गरजच नव्हती.’’

‘‘कपड्यांचं,’’ ते म्हणाले. ‘‘ते तू घातलंस का? खरं वाटावं म्हणून?’’

हीच तर तिची पद्धत होती. थोडं आंबट आणि एक बारीक गोष्ट. आणि बाबांनी ती चार दिवसांत कान लावून शिकून घेतली होती. यावर काय बोलायचं? जोरात शपथ घेतली तर खोटी वाटणार, हळू बोललं तर शिवलेली वाटणार, रडलं तर वाटणार की रडून वेळ मारून नेते. खोलीत त्या वेळी दुसरं कुणी नव्हतं. नर्सही बाहेर गेली होती. त्या वाक्याला तिच्याशिवाय साक्षीदारच नव्हता.

‘‘खरंच आईचं आहे,’’ ती म्हणाली.

‘‘बरं,’’ बाबा म्हणाले. रागावले नाहीत. ‘‘जा, उशीर होईल तुला.’’

मंगळवारी सकाळी त्यांनी परत तीच खुर्ची ओढली. ‘‘परत सांग.’’ तिनं सांगितलं. बुधवारी परत. ते डोळे मिटून ऐकायचे, कधी म्हणायचे, ‘करीन’ म्हणाली की ‘केलं असतं’ म्हणाली? कधी विचारायचे, आधी कपड्यांचं म्हणाली की नंतर? एकदा म्हणाले, ‘‘ती मला ‘यांना’ म्हणायची नाही, नाव घ्यायची, एकांतात.’’ मधली म्हणाली, तिथे मी होते, म्हणून ‘यांना’ म्हणाली असेल. असेल, असं म्हणाल्याबरोबर बाबांनी डोळे उघडले.

‘‘असेल म्हणजे?’’

‘‘होतं. म्हणालीच तसं.’’

गुरुवारी तिनं पडद्याच्या खोलीत बसून ते वाक्य स्वतःशीच म्हणून बघितलं. आईचे ओठ हलताना आठवत होते. श्वासासाठी मध्ये थांबली होती तेही आठवत होतं. आवाज मात्र आठवेना. आवाज नव्हताच, नुसती कुजबुज होती आणि तीसुद्धा तुटक. यांना सांग. लग्न. शाई. मधले शब्द आईनं म्हटले होते, की तुटक्या शब्दांना तिनंच तिथल्या तिथे, बाबांच्या कानाकडे वळता वळता, टाके घातले होते? आजवर तिला हे विचारायची वेळ आली नव्हती. ती बदलत नाही तेव्हा कसं वाटतं, आणि बदलते तेव्हा कसं, यातला फरक तिनं आत शोधला, खूप शोधला. तिथे दादाचं होतं, धाकटीचं होतं, बाबांचं होतं. तिचं स्वतःचं असं काही हाताला लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी बाबांनी खुर्ची ओढली आणि उजवा कान पुढे केला. ‘‘परत सांग,’’ ते म्हणाले. ती त्या वाक्यावर पहिल्या शब्दालाच अडखळली, आणि बाबांना ते ऐकू आलं.